पैसे वेगळे, कामं वेगळी: फ्रिजवरची चिठ्ठी का फसली?

"मॅडम, मुलगा पाचवीत आहे. कामं केली तर पॉकेटमनी, असे नियम लिहून फ्रिजवर लावले. आठ दिवस छान चाललं. आता म्हणतो, 'मला पैसे नको, मी काम नाही करत.' ओरडलं की रडतो, नाही ओरडलं की सोफ्यावर पडून राहतो. रक्कम कमी पडून राहिली का? की असं लिहून लावणंच चुकलं?"

मानेवाड्याहून आलेल्या या आईला मी आधी त्या चिठ्ठीचा फोटो दाखवायला सांगितला. फोटो फोनमध्ये होताच. ए-फोर कागदावर लाल स्केचपेननं बारा नियम. खोली स्वच्छ ठेवणे ५ रुपये, कूलरमध्ये पाणी भरणे ५ रुपये, शहाण्यासारखं वागणे १० रुपये. उलट बोलल्यास १० रुपये कट, मोबाईल मागितल्यास ५ रुपये कट, अभ्यासाला टाळाटाळ केल्यास १० रुपये कट. खाली ठळक अक्षरांत, 'नियम म्हणजे नियम!'

ओजसला (नाव बदललं आहे) मी एकट्याला विचारलं, तेव्हा त्यानं हिशोब तोंडपाठ सांगितला. दुसऱ्या आठवड्यात बुधवारपर्यंत कमाई १५ रुपये आणि कट ३० रुपये. "म्हणजे मीच आईला पंधरा रुपये देणं लागत होतो. मग गुरुवारी काम काऊन करू?" त्याचं गणित बरोबर होतं. शनिवारपर्यंत राबूनही हातात काही पडणार नसेल, तर मोठा माणूससुद्धा सुट्टीच टाकेल.

रक्कम वाढवली असती तर हेच पंधरा दिवस उशिरा झालं असतं. खरी अडचण अशी की आपण घरकामाला भाव लावला, आणि भाव लावला की 'मला नाही विकायचं' म्हणायचा हक्क समोरच्याला आपोआप मिळतो. ओजसनं तोच वापरला.

बक्षिसानं मुलं बिघडतात असं सांगताना १९७३ सालचा लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांचा प्रयोग हमखास पुढे केला जातो. चित्रं काढायला आवडणाऱ्या बालवाडीच्या मुलांना आधी बक्षीस कबूल केलं, तर नंतर मोकळ्या वेळात ती कमी चित्रं काढू लागली. प्रयोग पक्का आहे, पण तो मुळात आवडणाऱ्या गोष्टीबद्दल आहे. डबा सिंकमध्ये ठेवायची आवड कुठल्याच लेकराला नसते. त्यामुळे मी त्याचा फार आधार घेत नाही. माझं कारण साधं आहे. पॉकेटमनी पैसे हाताळायला शिकण्यासाठी असतो, आणि शिकायला तो हातात नेमानं यावा लागतो. कामं घरात राहतो म्हणून करायची असतात. दोन्हींची गाठ मारली की एक बिघडलं की दुसरंही बिघडतं.

मग आम्ही जुनी चिठ्ठी घेऊन बसलो आणि खोडाखोड सुरू केली.

सगळ्यात आधी कूलर काढला. नागपुरात मार्च-एप्रिलमध्ये पोरांच्या कामांच्या यादीत तो हमखास असतो, पाइप धरून उभं राहायचं म्हणून मुलांनाही आवडतो. पण पत्र्याची बॉडी, ओली फरशी, ओले हात आणि चालू पंप हे दहा वर्षांच्या मुलाचं काम नाही. बटण बंद करून, प्लग काढून मोठ्या माणसानंच पाणी भरायचं. यावर मी चर्चा करत नाही.

'शहाण्यासारखं वागणे' काढलं, कारण ते झालं की नाही हे ठरवणार आईच, आणि तिचा तेव्हाचा मूड. 'खोली स्वच्छ'चंही तेच. ओजसच्या मते पांघरूण पलंगाखाली ढकललं की खोली स्वच्छ. चिठ्ठीतलं काम असं हवं की दारात उभं राहून कुणीही 'झालं' किंवा 'नाही झालं' सांगू शकेल. आणि ते दिवसातल्या ठरलेल्या गोष्टीला चिकटलेलं हवं. शाळेतून आल्यावर, जेवायच्या आधी, झोपायच्या आधी. 'पाच वाजता' लिहिलं तर घड्याळाकडे लक्ष आईनंच ठेवायचं. अशी तीनच कामं ठेवली. बारा नियम कुणी वाचत नाही, लिहिणाराही नाही.

रक्कम कशी ठरवली? आईला मी आठवडाभर फक्त टिपून ठेवायला सांगितलं: ओजसच्या किरकोळ हौसेवर आत्ताच किती जातात? चिप्स २०, कुल्फी १०, कार्डं ३०, सुगंधी खोडरबर २०. एकूण ८०. खोडरबर शाळेचं म्हणून आईबाबांच्या बाजूला गेलं, उरले ६०. म्हणजे नवीन खर्च काहीच नाही. जे तसेही मागून-रडून जात होते, तेच आता त्याच्या हातून जाणार. मित्राला दोनशे मिळतात, ही तक्रार ओजसनं केलीच. त्या दोनशेत त्या मित्राचा रिक्षाचा खर्च होता, हे चौकशी केल्यावर कळलं.

पैसे रोख द्यायचे, तेही दहा-दहाचे. बाबांचं मेडिकलचं दुकान आहे, घरात सगळं फोनवर स्कॅन करून चालतं. मुलाला पैसे संपताना दिसतच नाहीत, नुसता टुंग आवाज येतो. आणि महिन्याचे एकदम नको. दहा वर्षांच्या मुलाला महिना फार लांब पडतो.

आजीचा प्रश्न उरला होता. नियम काहीही असोत, त्या पदराच्या गाठीतून दहाची नोट काढणार. "लेकराला दहा रुपये दिले तर काय बिघडलं बाई?" त्यांना मनाई करण्यात अर्थ नव्हता, म्हणून रविवारचे पैसे त्यांच्याच हातून द्यायचं ठरलं. द्यायचा आनंद त्यांचा, हिशोब एकच.

शेवटी जी चिठ्ठी लागली ती अशी:

"ओजसराव,

दर रविवारी पोहे खाताना आजी तुला ६० रुपये देईल. अभ्यास कसा झाला, आपलं भांडण झालं का, कामं राहिली का, याचा या पैशांशी संबंध नाही. मिळणार म्हणजे मिळणार.

यातून तू घेशील: चिप्स, कुल्फी, कार्डं, मित्राला काही खाऊ घालायचं तर ते.
आम्ही घेऊ: वह्या, पेन, रिक्षा, मित्रांच्या बर्थडेची गिफ्टं.
संपले तर पुढच्या रविवारी. उधार कुणाकडूनच नाही.

तुझी घरातली तीन कामं. (याचे पैसे नाहीत. मलाही पोळ्यांचे मिळत नाहीत.)
१. शाळेतून आल्यावर डबा उघडून सिंकमध्ये, बाटली ओट्यावर.
२. रात्री जेवायच्या आधी चार ताटं, चार पेले, पाण्याचा जग.
३. झोपायच्या आधी जमिनीवर कपडे नाहीत, पुस्तकं नाहीत.

डबा बॅगेतच राहिला, तर सकाळी तो तू घासशील.
मी एकदाच आठवण देईन. दुसऱ्यांदा बोलणार नाही, शपथ.

जास्तीचे हवे असतील तर: बाबांची गाडी पुसणे २० रुपये, रद्दी बांधणे १० रुपये. करायचं की नाही, तुझी मर्जी.

३० एप्रिलला पुन्हा बसू. तुला जे हवं ते खाली लिही.

आई-बाबा"

खाली ओजसनं पेन्सिलनं लिहिलं, 'माझ्या खोलीत येताना दार वाजवायचं. बाबांनी पण.' ते तसंच ठेवलं. चिठ्ठीत मोठ्यांवरही एखादं बंधन असलं की मूल ती वाचतं, निदान आपण मोडतोय का हे बघायला तरी.

कट या चिठ्ठीत कुठेच नाही. आईला ते सगळ्यात जड गेलं. "मग त्याला धाक कशाचा?" डबा घासायचा. एप्रिलच्या उकाड्यात रात्रभर बॅगेत राहिलेल्या भेंडीच्या डब्याचा वास दहा रुपयांच्या दंडापेक्षा जास्त बोलतो. दंडाची अडचण ही की तो भरला की मुलाच्या लेखी विषय मिटतो. 'दहा कापून घे, मी नाही मांडत ताटं', हे मी इतर घरांतून ऐकलेलं आहे.

तिसऱ्या आठवड्यात फोन आला. मंगळवारी साठच्या साठ रुपये कार्डांत गेले होते आणि शुक्रवारी शेजारची पोरं गोळा खात असताना ओजस गॅलरीतून बघत होता. आईचा जीव कासावीस. "दहा देऊ का फक्त?" मी नको म्हटलं. त्या दिवशी दहा दिले असते, तर 'उधार नाही' ही ओळ तिथेच पुसली गेली असती. 'मी सांगितलं होतं ना' असंही म्हणायचं नव्हतं. "रविवार परवाच आहे" एवढंच. पुढच्या आठवड्यात त्यानं वीस रुपये शनिवारपर्यंत राखले. त्याच्या पुढच्या आठवड्यात परत बुधवारीच कंगाल. हे असंच चालतं. साठ रुपयांत जे उधळून शिकता येतं, ते शिकायला याहून स्वस्त वय नाही.

कामांचं म्हणाल तर ताटं लवकर रुळली, कारण सगळे भुकेले असतात आणि ताट नाही हे लगेच दिसतं. जमिनीवरचे कपडे मात्र शेवटपर्यंत अर्धेमुर्धेच. ३० एप्रिलला ते काम रोजऐवजी रविवार-बुधवार केलं. मला ते मागे हटणं वाटलं नाही.

एक फरक मात्र लक्षात ठेवा. मूल कामं विसरतं तेव्हा चिठ्ठी उपयोगी पडते. पण पर्समधून पैसे नाहीसे होत असतील, किंवा रविवारचे पैसे सोमवारी शाळेत जाऊन संपत असतील आणि काय घेतलं हे मूल सांगत नसेल, तर नवे नियम लिहू नका. आधी शाळेत कुणी पैसे मागतंय का, हे शांतपणे काढून घ्या. आणि एकाच वेळी सांगितलेल्या तीन गोष्टींपैकी दोन घरात, शाळेत, खेळातही सतत निसटत असतील, तर तो आळस समजू नका. अशा मुलाला तपासून घ्यायला हवं.

तान्ह्या पोळ्याला नवाच पेच आला. ओजस लाकडी बैल सजवून घरोघरी फिरला आणि बोजाऱ्याचे ३४० रुपये घेऊन आला. आईला ते सगळे बँकेत टाकायचे होते. मी म्हटलं, पोरानं भर उन्हात बैल ओढलाय. चिठ्ठीत एक ओळ वाढली, 'सणाचे पैसे: अर्धे बचतीच्या डब्यात, अर्धे तुझे.' डिसेंबरात संक्रांतीच्या तोंडावर बाबांनी त्याखाली आणखी एक लिहिली, 'नायलॉन मांजा स्वतःच्या पैशांनीही नाही.' ओजसनं त्यावर विचारलं, मग साध्या मांजाचे पैसे घरातून मिळणार का? मिळणार नाहीत, तो कुल्फीच्या रांगेत बसतो, असं ठरलं.