पीएस४ च्या कंट्रोलरची बॅटरी टिकत नाही: नवी बॅटरी घ्यावी की चार्जिंग डॉक?

«माझा ड्युअलशॉक ४ रात्रभर चार्जिंगला लावला तरी तासाभरात बंद पडतो. चार्जिंग डॉक घेतला तर फरक पडेल का, की बॅटरीच बदलावी लागेल?»

बॅटरी बदला. डॉक फक्त ५ व्होल्ट पुरवतो. बॅटरी भरण्याचं काम कंट्रोलरच्या आतलं सर्किट करतं. थकलेल्या बॅटरीत जेवढी जागा उरली आहे तेवढंच चार्ज तिच्यात जाणार, मग डॉक कितीही महाग असो. डॉक उपयोगी पडतो तो मायक्रो यूएसबी पोर्ट सैल झाल्यावर, म्हणजे केबल हलली की चार्जिंग तुटत असेल तेव्हा. त्यासाठीही कंट्रोलरच्या खालच्या कडेला हेडफोन जॅकशेजारी जो EXT पोर्ट असतो, त्यातून चार्ज करणारा डॉक बघा. मायक्रो यूएसबीत छोटी पिन घालून ठेवायचे डॉक त्याच खिळखिळ्या पोर्टवर भार टाकतात.

पैसे खर्च करण्याआधी दोष कुठे आहे ते पक्कं करा. साधा यूएसबी मीटर चार्जर आणि केबलच्या मध्ये लावा. कंट्रोलर आपोआप बंद पडेपर्यंत वापरा, मग बंद स्थितीतच चार्जिंगला लावा आणि नारिंगी दिवा विझेपर्यंत किती एमएएच गेले ते पाहा. मूळ बॅटरी १००० एमएएचची असते. मीटरवर ३०० च्या आसपास आकडा येऊन दिवा विझला, तर चार्जिंग नीट चाललं आहे आणि बॅटरीच आटली आहे. कोणत्याही केबलने दिवाच लागत नसेल, तर मात्र पोर्ट किंवा आतली पट्टी-केबल तपासावी लागेल. नव्या बॅटरीने तो दोष जाणार नाही.

आता बॅटरीची निवड. सगळ्यात जास्त चूक इथेच होते. कंट्रोलरच्या पाठीवरच्या स्टिकरवर CUH-ZCT1 किंवा CUH-ZCT2 असं लिहिलेलं असतं. स्टिकर पुसला असेल तर टचपॅड बघा: त्यावर प्रकाशाची बारीक पट्टी दिसते तो ZCT2. दोन्हींच्या बॅटरीचा आकार जवळपास सारखाच, पण ZCT2 चा प्लग लहान असतो. बाजारात LIP1522 या नावाखाली दोन्ही प्लगच्या बॅटऱ्या मिळतात, म्हणून नुसतं नाव बघून मागवू नका. विक्रेत्याने प्लगचा फोटो दिलेला असावा आणि तुमचा मॉडेल नंबर स्पष्ट लिहिलेला असावा. लाल आणि काळी तार जुन्या प्लगमध्ये ज्या बाजूंना आहेत, नव्यातही त्याच बाजूंना हव्यात. उलट असतील तर बॅटरी जोडूच नका.

त्याच मापात २००० किंवा ३००० एमएएच लिहिलेली बॅटरी टाळा. तेवढ्याच जागेत दुप्पट-तिप्पट साठा मावत नाही. खरंच मोठी असलेली बॅटरी प्लास्टिकच्या खाचेत नीट बसत नाही आणि झाकण लावताना दाबली जाते, ते धोक्याचं. मी १००० एमएएच लिहिलेली, उत्पादनाची तारीख अलीकडची असलेली बॅटरीच घ्यायला सांगेन. हातात आल्यावर मल्टिमीटर लावा: साधारण ३.६ ते ३.९ व्होल्ट दिसायला हवेत. ३ च्या खाली असेल तर ती फार दिवस पडून खराब झालेली असू शकते, परत करा.

बसवताना कंट्रोलर बंद करा, केबल काढा आणि मागचे चार स्क्रू पीएच०० स्क्रू-ड्रायव्हरने काढा. दोन्ही मुठींकडून झाकण हळूहळू सोडवा, पण लगेच पूर्ण उचलू नका. मागच्या झाकणातल्या चार्जिंग बोर्डापासून मुख्य बोर्डापर्यंत एक चपटी पट्टी-केबल जाते. झटका दिला तर ती निसटते किंवा फाटते. नव्या बॅटरीनंतर 'चार्जच होत नाही' अशी तक्रार आली तर आधी हीच पट्टी तिरपी बसली आहे का ते बघा. एल२, आर२ च्या स्प्रिंगाही उडतात, म्हणून ताटात ठेवून काम करा. बॅटरीचा प्लग तारांना धरून ओढू नका, प्लॅस्टिकच्या टोकाला नखाने किंवा प्लॅस्टिकच्या काडीने उचला.

जुनी बॅटरी फुगलेली असेल, म्हणजे झाकणाची फट उघडलेली दिसत असेल, तर तिच्याखाली टोकदार काहीही घालू नका आणि ती आधी चार्जही करू नका. काढल्यावर दोन्ही तारांची टोकं वेगवेगळी चिकटपट्टीने झाका आणि ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. घंटागाडीत टाकलेली लिथियम बॅटरी चिरडली गेली की पेट घेऊ शकते.

नवी बॅटरी पहिल्यांदा पूर्ण भरताना तोच मीटर परत लावा. आकडा १००० च्या जवळपास आला की माल खरा. ४००-५०० वरच दिवा विझला, तर कंट्रोलर संपेपर्यंत वापरून एकदा पुन्हा मोजा, कारण नवी बॅटरी अर्धी भरलेली येते. दुसऱ्यांदाही तेवढाच आकडा आला तर बदलून मागा.