ग्लासाचा आकार बदलला की फेनीचा वास खरंच बदलतो का, की नुसता देखावा? गोव्यात घरी कोणता ग्लास घ्यावा?

बदलतो, आणि फेनीत तर वाइनपेक्षाही जास्त. मी पणजीत बार सांभाळतो. नुसती फेनी मागितली तर ती मी ट्यूलिप ग्लासात देतो, ब्रँडीच्या स्निफ्टर ग्लासात नाही.

काजूच्या फेनीत साधारण ४२ टक्के अल्कोहोल असतं. पेयातून वासाबरोबर तेही उडत असतं. त्याची वाफ हवेपेक्षा जड, म्हणून ती ग्लासात साचून राहते. नाकात ती झोंबली की मागचा पिकलेल्या काजूबोंडाचा वास कळतच नाही.

२०१५ साली जपानी संशोधकांनी ही वाफ कॅमेऱ्याने टिपली. १३ अंशांवरच्या वाइनमध्ये, वाइन ग्लासाच्या काठालगत वाफेचं कडं दिसलं आणि मधोमध अल्कोहोल कमी. म्हणजे नाक मध्ये नेलं की वास मिळतो, झोंबणं कमी. सरळ ग्लासात किंवा मार्टिनीच्या ग्लासात हे कडं दिसलं नाही, आणि वाइन गरम असताना वाइन ग्लासातही नाही.

गोव्यात घोडं इथेच अडतं. स्निफ्टरचं मोठं पोट तळहातात धरून ब्रँडी हलकी गरम करायला असतं. एप्रिलमध्ये आपली खोलीच ३० अंशांच्या वर असते. त्यात हाताची ऊब आणि आत वळलेलं तोंड, की अल्कोहोल थेट नाकाखाली गोळा होतं. ट्यूलिपचं पोट लहान, मान निमुळती आणि काठ थोडा बाहेर वळलेला. वास वर येतो, पण नाक पेयापासून जरा लांब राहतं. दांडी असल्यामुळे हाताची ऊबही लागत नाही.

घरीच पाहा. स्निफ्टर आणि ट्यूलिपमध्ये ३०-३० मिली फेनी ओता, वर बशी झाका, पाच मिनिटांनी उघडा. ग्लास हनुवटीपासून हळूहळू वर आणा, तोंड किंचित उघडं ठेवून हुंगा. स्निफ्टर बहुतेक आधी झोंबेल. मग दोन्हींत चमचाभर गार पाणी घाला आणि पुन्हा हुंगा. झोंबणं उतरतं, फळ पुढे येतं.

पावसाळ्यात कपाटात उपडे ठेवलेले ग्लास मात्र आधी विसळून घ्या. कोंदट वास आत अडकून राहतो आणि दोष फेनीला जातो.

कूप ग्लासाचं तोंड रुंद, त्यातून वास पसरून जातो आणि स्पार्कलिंग वाइनचे बुडबुडेही लवकर निघून जातात. पण बर्फात हलवून गाळलेलं फेनी-लिंबाचं कॉकटेल त्यात छान लागतं. ते थंडगार असतं, दहा मिनिटांत संपतं आणि ओठ लावताना लिंबाचा वास थेट मिळतो.

हुर्राक म्हणजे काजूबोंडाच्या रसाची एकदाच गाळलेली, फेनीपेक्षा सौम्य दारू. तो लिंबू-सोडा, मीठ-मिरची घालून पिणार असाल तर उंच साधा ग्लास पुरे. नुसता चाखायचा तर लहान वाइन ग्लास घ्या. ट्यूलिप मिळाला नाही तर फेनीलाही तोच चालेल, फक्त एक तृतीयांशाच्या वर भरू नका.