सासऱ्यांचं डायलिसिस आणि आपली जागा

भाऊ, वहिनींच्या वडिलांचं डायलिसिस सुरू झालंय म्हणालास, म्हणून सांगतो. माझ्या सासऱ्यांना औशाहून लातूरला आठवड्यातून तीनदा न्यावं लागायचं, दर खेपेला चार तास मशीनवर. पहिल्याच आठवड्यात फाईल मी हातात घेतली आणि डॉक्टरांशी मीच बोलायचो. मला वाटलं, हिचा भार हलका केला. ती मात्र गप्प होत गेली. एका रात्री म्हणाली, "माझ्या बापाचं मला तुमच्याकडून कळतंय." ते फार लागलं. मग मी दुसरं टोक गाठलं, "तू बघ" म्हणून बाजूला झालो. तेही तितकंच चुकलं.

शेवटी तिलाच विचारलं, "यातलं कोणतं काम माझं?" फाईल, डॉक्टर आणि मामांजवळ बसणं तिनं ठेवलं. गाडी, लेकरांची शाळा, फोनवर चौकशी करणाऱ्या पाहुण्यांना उत्तरं, हे माझ्याकडे आलं. डायलिसिसनंतर मामा गळून जायचे, त्या संध्याकाळी ती बोलायची नाही. मी भाकरी वाढून शेजारी बसायचो. "सगळं नीट होईल" तेवढं म्हणू नकोस. आणि ही वाटणी दर पंधरा दिवसांनी पुन्हा विचार, तिची ताकद बदलत राहते.