निवड एवढी कडक, तरी घातक अलील संपत का नाही?

प्रश्न: मी कोल्हापुरात एमएस्सीच्या पहिल्या वर्षाला आहे. निसर्गाची निवड घातक अलील काढून टाकते, तर इतक्या पिढ्यांत ते संपायला हवे होते ना? आणि प्रभावी (डॉमिनंट) अलीलसाठी μ/s, पण अप्रभावीसाठी (रिसेसिव्ह) वर्गमूळ, हे नेमकं कुठून येतं? सूत्र पाठ आहे, डोक्यात बसत नाही.

उत्तर:

सूत्र बाजूला ठेव आणि राधानगरी धरण आठव. आवक पावसावर चालते, तलावात आधी किती पाणी आहे हे पाऊस बघत नाही. जावक मात्र पातळीवर ठरते. पाणी ठरावीक उंचीला पोचलं की स्वयंचलित दरवाजे आपोआप उघडतात. इथे म्युटेशन ही आवक. दर पिढीला जनुकाच्या चांगल्या प्रतींपैकी μ एवढ्या बिघडतात, आणि घातक अलील, म्हणजे अशा बिघडलेल्या प्रती, आधीच किती आहेत याच्याशी त्याचा जवळपास संबंध नसतो. निवड ही जावक. जेवढे आले तेवढेच गेले की पातळी स्थिरावते. शून्यावर ती कधीच स्थिरावत नाही, कारण शून्याला जावक शून्य आणि आवक मात्र चालूच. तुझा खरा प्रश्न एवढाच उरतो की जावक पातळीवर कशी अवलंबून असते.

प्रभावी अलीलची एकच प्रत पुरते, त्यामुळे जवळपास प्रत्येक प्रत निवडीच्या नजरेस पडते. अलीलची वारंवारता q आणि त्यांपैकी निवडीत बाद होणारा वाटा s असेल, तर दर पिढीला sq एवढे जातात. आवक-जावक सारखी धरली की μ = sq, म्हणून q = μ/s. हे प्रत्यक्षात तपासता येतं. अकॉन्ड्रोप्लेजिया घे, म्हणजे हातपाय आखूड राहणारा बुटकेपणा. 1941 मध्ये डेन्मार्कमध्ये मॉर्च यांनी आकडे मांडले होते. 108 बाधितांना मिळून 27 मुलं, आणि त्यांच्या 457 सामान्य उंचीच्या भावंडांना 582. माणशी 0.25 आणि 1.27. भागाकार केला तर बाधितांची प्रजननक्षमता सुमारे 0.2, म्हणजे s सुमारे 0.8.

आता याचा अर्थ बघ. दर पिढीला 80 टक्के प्रती पुढे जात नाहीत. तरी आजार टिकून आहे, म्हणजे तेवढ्याच प्रती दर पिढीला नव्याने यायला हव्यात. थोडक्यात, दर 10 बाधितांपैकी 8 जणांचे आईवडील सामान्य उंचीचे असायला हवेत. त्याच अभ्यासात 94,075 जन्मांमध्ये 10 बाळं बाधित होती, आणि त्यांपैकी 8 सामान्य आईवडिलांची! एवढ्या लहान आकड्यात इतकं तंतोतंत जुळणं हा थोडा नशिबाचा भाग. त्या दहांमध्ये हाडांच्या दुसऱ्या आजारांची बाळंही मिसळली असावीत. पण आजही 80 टक्क्यांच्या आसपासच प्रमाण मिळतं. आज आपल्याला जागाही माहीत आहे. FGFR3 जनुकातलं एकच अक्षर वारंवार बदलतं, बहुतेक वेळा वडिलांच्या शुक्रपेशींत, आणि वडिलांचं वय वाढेल तशी शक्यता वाढते.

एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण वर्गात ती निसटते. s हा माणसाच्या किमतीचा आकडा नाही. लग्नच जुळलं नाही, म्हणून मुलं झाली नाहीत, तेही s मध्येच मोजलं जातं. समाज बदलला की s बदलतो.

अप्रभावी अलीलचं गणित वेगळं. एक प्रत असलेला वाहक धडधाकट असतो, त्यामुळे निवडीला दिसतात ते फक्त दोन प्रती असलेले, म्हणजे q². जावक sq², म्हणून μ = sq² आणि q = √(μ/s). वर्गमूळ येतं ते एवढ्यासाठीच. μ दहा लाखांत 1 आणि s = 1 धर. प्रभावी अलील असता तर q दहा लाखांत 1. अप्रभावी असेल तर हजारात 1, म्हणजे हजारपट जास्त. बाधित दहा लाखांत एक, पण वाहक 500 माणसांत एक! अलील संपलेला नसतो, लपलेला असतो.

हे माझ्या विद्यार्थ्यांना पटायचं नाही, म्हणून महाद्वार रोडवरून काळे-पांढरे मणी आणले. बरणीत 200 मणी, त्यांत 40 काळे. न बघता जोड्या काढायच्या, काळा-काळा जोडी निघाली तर बाद करायची, उरलेल्यांच्या प्रमाणात बरणी परत 200 वर आणायची. पहिल्या फेरीत साधारण चार जोड्या बाद होतात आणि पोरं खूश होतात. काळे निम्म्यावर यायला पाच फेऱ्या, त्यातून पुन्हा निम्मे व्हायला आणखी दहा. पंधराव्या फेरीपर्यंत काळी जोडी चार फेऱ्यांत एखादी निघते. पोरं म्हणतात, "संपले सर." बरणी ओतली की दहाएक काळे मणी समोर. आणि गंमत म्हणजे या खेळात नवं म्युटेशन मी टाकलेलंच नसतं. हजारात 1 वरून निम्म्यावर यायला याच हिशेबाने 1000 पिढ्या लागतात. 25 वर्षांची पिढी धरली तर 25 हजार वर्षं. बाधितांना मुलं होऊ न देऊन वंश "शुद्ध" करू म्हणणाऱ्यांचं गणित इथेच कोसळतं.

लपलेले अलील समोर कधी येतात? आपल्याकडे मामाची मुलगी करण्याची रीत जुनी आहे. मामे-आते भावंडांच्या मुलाला एखाद्या जनुकाच्या दोन्ही प्रती पणजोबा किंवा पणजीच्या एकाच प्रतीतून मिळण्याची शक्यता 1/16. वरच्याच अलीलसाठी (q हजारात 1) अनोळखी जोडप्याच्या मुलाला धोका दहा लाखांत 1, या मुलाला दहा लाखांत सुमारे 63. एका जनुकासाठी तो तसा लहानच, पण असे अलील असंख्य जनुकांत पसरलेले असतात. घराण्यात आजार आधीच दिसलेला असेल तर हा सरासरीचा हिशेब लावू नकोस, तिथे वाहक कोण हे तपासावं लागतं.

आता पुस्तक ज्यावरून घाईने पुढे जातं ते. "वाहक पूर्ण धडधाकट" हे गृहीतक बहुधा खोटं असतं. फळमाश्यांवरच्या प्रयोगांत घातक अलीलच्या वाहकांनाही सरासरी दोनेक टक्के फटका बसलेला दिसतो. दोन टक्के किरकोळ वाटतात, पण वाहक बाधितांच्या मानाने अफाट असतात, त्यामुळे जवळपास सगळी जावक त्यांच्याचमधून होते. मग वर्गमूळ गेलं आणि q = μ/(hs) आलं, h म्हणजे वाहकाला बसणारा वाटा. hs = 0.02 घातलं तर q हजारात 1 वरून 20 हजारांत 1 वर उतरतो.

उलटही होतं. बीटा थॅलेसेमियाचे वाहक काही समाजांत 4 टक्के असतात, म्हणजे q = 0.02. मूळ आजार जीवघेणा, s = 1 धर. मग μ = q² = 0.0004, म्हणजे दर 2,500 प्रतींमागे एक नवी बिघडायला हवी. एका जनुकात एवढं म्युटेशन होत नाही. सहसा लाखात एक किंवा त्याहून कमी होतं. असा अवाच्या सवा μ निघाला की समजायचं, हा आवक-जावकीचा समतोल नव्हेच. इथे वाहकांना मलेरियापासून संरक्षण मिळत आलं आहे, सिकलसेलमध्ये मिळतं तसंच. परीक्षेत q देऊन μ काढायला सांगितला, तर उत्तराखाली हा आकडा शक्य कोटीतला आहे का, एवढी एक ओळ लिही.