कंपनीची वंशावळ उलगडताना: सुरुवात अल्ट्राटेकपासून

सोलापुरात राहतोस तर होटगीच्या सिमेंट कारखान्यावरची अल्ट्राटेकची पाटी पाहिली असशीलच. तिथूनच सुरू कर, पण चाल उलटी ठेव: ताज्या वार्षिक अहवालाकडून मागे.

आधी कंपनीचा सीआयएन, म्हणजे तिचा नोंदणी क्रमांक, बघ. त्यातली अक्षरं-आकडे मिळून मोजलेली नववी ते बारावी जागा म्हणजे नोंदणीचं साल. इथे 2000 दिसेल. नवखे इथेच फसतात आणि धंदाच 2000 चा समजतात. कंपनी तेव्हा ‘एल अँड टी सिमेंट’ नावाने नोंदली गेली. एल अँड टीचा जुना सिमेंट व्यवसाय 2004 मध्ये विलग होऊन तिच्यात आला आणि ताबा ग्रासिम या दुसऱ्या कंपनीकडे गेला. म्हणून जुन्या नावांनीही शोध घे.

आता खरी मेख. ग्रासिमचा स्वतःचा सिमेंट धंदा 2010 मध्ये आधी समृद्धी सिमेंटमध्ये गेला आणि काही महिन्यांतच समृद्धी अल्ट्राटेकमध्ये विलीन झाली. दोन-दोन वर्षं सोडून अहवाल चाळलेस तर हा दुवा हमखास निसटतो. प्रत्येक वर्षाचा अहवाल घे आणि विलीनीकरणाच्या टिपेतल्या दोन्ही तारखा उतरव: हिशेबासाठी ठरलेली आणि योजना प्रत्यक्ष लागू झालेली. त्या बहुधा वेगळ्या असतात.

शेवटी व्यवसाय देणाऱ्या कंपनीचाही त्याच वर्षाचा अहवाल उघड. तिथे तो व्यवसाय वजा झालेला दिसला, तरच नोंद पक्की धर.