खंजिराचा पहिला वार पॅरी का होत नाही?

गेममध्ये तलवारीचे वार पॅरी होतात, म्हणजे ऐन क्षणी बटण दाबून परतवता येतात, पण खंजिराचा पहिला वार कधीच जमत नाही. माझं टायमिंग चुकतंय का?

नाही, तो वार डोळ्यांनी पाहून अडवण्याइतका वेळच तुमच्या हातात नसतो. ६० एफपीएसवर, म्हणजे सेकंदाला ६० फ्रेम दिसत असताना, माणसाला हालचाल पाहून बटण दाबायला साधारण १५ फ्रेम लागतात. समजा, पॅरी दाबल्यावर ६ फ्रेमनी सुरू होते आणि ८ फ्रेम टिकते. तलवार २५व्या फ्रेमला लागते, म्हणून सापडते. खंजीर १४व्यालाच लागतो. म्हणूनच डिझायनर अशा पहिल्या वाराचं डॅमेज सहसा कमी ठेवतात आणि पुढचे वार ठरावीक लयीत देतात. पॅरी तिथे करा, पहिल्याला ब्लॉक. मात्र तलवारही निसटायला लागली, तर टीव्हीचा गेम मोड तपासा: ५० मिलिसेकंदांचा लॅग ३ फ्रेम खातो.