लॅबमधल्या मुलांची व्हर्च्युअल मशीनं चालवायला सर्व्हर हवा म्हणून प्राचार्यांना पत्र लिहिताय?

तुमच्या पत्राचा मसुदा वाचला. त्यातली प्रोसेसरच्या कोअर-थ्रेडची यादी आधी काढून टाका. प्राचार्यांना त्यावरून काही ठरवता येत नाही. सुरुवात लॅबमधल्या प्रसंगाने करा: ४ जीबीच्या पीसीवर व्हर्च्युअल मशीन सुरू केलं की माउससुद्धा अडकतो, अर्धं प्रॅक्टिकल त्यातच जातं.

मग हिशेब मांडा. ३० मुलांची बॅच, सर्व्हरवर प्रत्येकाच्या व्हर्च्युअल मशीनला ४ जीबी, म्हणजे १२० जीबी रॅम. सर्व्हरला स्वतःलाही लागते, म्हणून १२८ वर थांबू नका, १९२ मागा. प्रोसेसर बऱ्यापैकी वाटून घेता येतो, रॅम तशी ताणता येत नाही. ती संपली की सगळ्यांचीच मशीनं रखडतात.

नवखे हमखास दोन गोष्टी विसरतात:
- यूपीएस
- बॅकअपसाठी वेगळी डिस्क

दोन्ही याच पत्रात घाला. आणि इंदूरचा मे महिना आठवून सर्व्हरच्या खोलीतल्या एसीचंही लिहा.